दुसऱ्या पाकिटाची वाट पाहा

कोल्हापूर

चि. ऋतुजा हिस,


तुझा फोन झाल्यापासून तुझा कांदा-लसूण मसालाच डोक्यात आहे. पहिलाच घाणा ऐंशी किलोचा काढायचा आणि पाच हजार छापील पाकिटांची ऑर्डर द्यायची, असं तू म्हणालीस. मसाला चांगलाच होणार, तुझ्या हाताची चव मला ठाऊक आहे. पण ती ऑर्डर सहा आठवडे थांबव. का, ते सविस्तर लिहिते.

मी धंदा सुरू केला तेव्हा पाव किलोची पाच हजार पाकिटं एकदम छापून घेतली होती. रंगागणिक सिलिंडर करावा लागतो, म्हणून थोडी पाकिटं छापणं परवडत नाही, हे खरं. पण गिऱ्हाईक पाव किलो घेतच नव्हतं. त्यातली निम्म्याहून जास्त पाकिटं माळ्यावर पडून राहिली आणि छपाईचे पैसे त्यांच्यात अडकले. पुढच्या वेळी मी शहाणी झाले. साधी पारदर्शक पाकिटं आणली, त्यांवर स्टिकर लावले आणि पाच किलोच मसाला केला. शंभर ग्रॅमची पन्नास पाकिटं झाली. माल थोडा असला तरी विकायचा म्हणजे अन्नपरवान्याची नोंदणी हवीच. तो नंबर, घटक, वजन, किंमत, तारीख, बॅच नंबर आणि शाकाहाराची हिरवी खूण हे सगळं स्टिकरवर होतं.

वीस पाकिटं एसटी स्टँडाजवळच्या दुकानात ठेवली, वीस आमच्या पेठेतल्या किराणा दुकानात आणि दहा घरी. दोन्हीकडे बोली एकच होती, खपेल त्याचे पैसे द्यायचे. किंमत पुरी लावली. ओळख म्हणून कमी केली नाही की एकावर एक फुकट दिलं नाही, कारण स्वस्त म्हणून घेतलेलं पाकीट चवीबद्दल काहीच सांगत नाही. दर शनिवारी जाऊन मी स्वतः उरलेली पाकिटं मोजायचे.

स्टँडाजवळच्या दुकानात पहिल्या आठवड्यात सात खपली, दुसऱ्यात चार. पेठेत तीन आणि तीन. पंधरा दिवसांचा हिशेब अकरा विरुद्ध सहा असा होता. तेव्हाच निर्णय घेतला असता, तर सगळा माल स्टँडाकडे वळवला असता. पण पुढच्या चार आठवड्यांत स्टँडाजवळ एक, शून्य, एक, शून्य अशी विक्री झाली आणि पेठेत दोन, तीन, चार, चार. सहा आठवड्यांनी तेरा आणि एकोणीस.

असं का झालं, ते नीट समजून घे. पहिलं पाकीट दुकानातली जागा विकते, नवं लेबल विकतं, माणसाचं कुतूहल विकतं. दुसरं पाकीट फक्त चव विकते. आणि पहिलं संपल्याशिवाय दुसरं कोणी घेत नाही. शंभर ग्रॅम मसाला दोन-तीन आठवडे पुरतो, त्यामुळे पंधरा दिवसांत काहीच कळत नाही. चाचणी किती दिवस चालवायची हे आपल्या घाईवर नाही, पाकीट किती दिवसांत संपतं त्यावर ठरवायचं.

पेठेतल्या दुकानदाराला मी एक छोटी वही दिली होती. पाकीट गेलं की तारीख लिहायची, आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा आलं असेल तर पुढे एक टिंब काढायचं, एवढंच त्याचं काम. एकोणीस पाकिटं अकराजणांनी नेली होती. त्यांतले सात परत आले होते आणि एकजण तिसऱ्यांदा. अकरा हा आकडा लहान आहे, त्यावरून टक्केवारी काढत बसू नकोस. पण कोणाशी बोलायचं हे त्यानं नक्की कळतं. ते सात कोण, असं मी दुकानदाराला विचारलं, तेव्हा बहुतेक खोली घेऊन राहणारी नोकरीतली पोरंपोरी निघाली. त्यांच्याकडे डबे ठेवायला जागा नाही की वर्षाचा मसाला करायला सवड नाही.

आणि आमच्या गल्लीतल्या बायका? चाखून प्रत्येकीनं वाखाणलं होतं, दोघी-तिघींनी तर किलो-किलो सांगूनही ठेवलं होतं. नेला एकीनंही नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या गं. त्यांच्या घरी उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेला वर्षाचा मसाला बरणीत भरलेला होता. तोंडानं दिलेली दाद मनापासूनची असते, पण ती मागणी नसते. म्हणून तुझ्या वहीत नातेवाईक आणि मैत्रिणींची विक्री वेगळ्या पानावर लिही, आणि निर्णय घेताना ते पान बंद ठेव.

घरी ठेवलेल्या दहांपैकी सहा पाकिटं मी नमुना म्हणून राखली होती, तीन कपाटात आणि तीन चुलीजवळच्या उबदार फळीवर. दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडचं एकेक फोडायचे. चुलीजवळच्या दुसऱ्या पाकिटात गुठळ्या दिसल्या, म्हणजे कांद्यात ओल राहिली होती. पुढच्या घाण्यात कांदा आणखी एक दिवस उन्हात वाळवून मग तळला. खोबऱ्याचा खवट वास येतो का, तेही याच पाकिटांत आधी कळतं. दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदल. कांदा, मिरची आणि पाकीट तिन्ही एकदम बदललीस, तर गुण कशाचा आला ते कळणार नाही.

या चाचणीतून न कळणाऱ्याही गोष्टी आहेत. सहा आठवड्यांच्या नमुन्यावरून सहा महिन्यांची मुदत छापू नकोस, त्यासाठी प्रयोगशाळेतून तपासणी करून घे. ऋतूही लक्षात ठेव. घरोघरी मसाले होतात त्या एप्रिल-मेमधला खप आणि बरण्यांचा तळ दिसू लागल्यावरचा खप सारखा नसतो. आणि पाच किलो जमला म्हणजे ऐंशी जमेल असंही नाही. मोठ्या घाण्याचा ढीग वरून निवला तरी आतून गरम असतो. तसाच भरला की पाकिटात वाफ धरते आणि माल बुरसतो. म्हणून मध्ये एक पंचवीस-तीस किलोचा घाणा काढ, ताटांत पसरून पूर्ण निवू दे आणि मगच भर.

सुरू करण्याआधी एका कागदावर लिहून ठेव, किती जण परत आले तर पुढे जायचं आणि किती आले तर थांबून दुरुस्ती करायची. आकडे हातात आल्यावर मन त्यांना हवा तो अर्थ लावतं. आधी लिहिलेला कागद तसं करू देत नाही.

माझ्या त्या चाचणीनंतर पेठेतला दुकानदार स्वतः घरी आला आणि चाळीस पाकिटांचे रोख पैसे आधीच देऊन गेला. तोवर माल माझा होता आणि जोखीमही माझी. त्या दिवशी त्यानं स्वतःचे पैसे त्यात घातले. दुसऱ्या दिवशी मी छपाईवाल्याकडे गेले आणि शंभर ग्रॅमच्या पाकिटांची ऑर्डर दिली. तुझ्याकडेही असा कोणी रोख घेऊन आला की मला फोन कर. छपाईवाल्याकडे आपण दोघी मिळून जाऊ.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी