ईसी-डीआरची गोळी: मेडिकलच्या काउंटरवरून

१. पट्टी कापली की अक्षरं जातात.
आमच्या रेवदंड्याकडे आख्खी पट्टी घेणारं गिऱ्हाईक कमीच. "चारच द्या" म्हटलं की कात्री चालते आणि नावापुढचं ईसी किंवा डीआर उरलेल्या तुकड्यावर राहतं. काही पट्ट्यांवर त्याऐवजी 'गॅस्ट्रो-रेझिस्टंट' छापलेलं असतं, अर्थ तोच. या गोळीचं आवरण जठरातल्या आम्लात टिकतं आणि पुढे लहान आतड्यात विरघळतं. कारखान्यातली कसोटीही तशीच असते: गोळी दोन तास आम्लात ठेवतात, तिला तडासुद्धा जाता कामा नये, मग ६.८ पीएचच्या द्रवात ती तासाभरात फुटली पाहिजे. तेव्हा सुटी गोळी घेताना नाव असलेला तुकडा मागा, नाहीतर दुकानदाराकडून पाकिटावर लिहून घ्या.

२. खलबत्ता यांच्यासाठी नाही.
म्हाताऱ्या माणसाला गिळता येत नाही म्हणून सून गोळी कुटून मधातून देते. हेतू चांगला, पण पॅन्टोप्रॅझोल आम्लात टिकत नाही. आवरण मोडलं की बरंचसं औषध जठरातच नासतं. बाहेरून काही कळत नाही. उलटी नाही, पुरळ नाही, फक्त जळजळ तशीच राहते आणि दोष औषधावर जातो. डायक्लोफिनॅकची गोष्ट उलटी: तिथे आवरण जठराला औषधापासून वाचवतं. अर्धी करून घेणंही कुटण्यासारखंच, कारण कापलेल्या बाजूला आवरण नसतं. गिळणं जमत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. ओमेप्रॅझोलच्या काही कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्याला स्वतःचं आवरण असतं. अशी कॅप्सूल उघडून दाणे सफरचंदाच्या गरातून, न चावता, लगेच गिळता येतात. मात्र कुठली उघडायची, ते विचारूनच.

३. 'उपाशीपोटी' एवढंच पुरत नाही.
एक नाखवा पॅन्टोप्रॅझोल चाळीस घेत होते. तक्रार एकच: "गोली लागू परत नाय." गोळी आख्खी गिळत होते, उपाशीपोटीच घेत होते, मग अडलं कुठे? दिनक्रम विचारला तेव्हा उमगलं. होडी पहाटे सुटते, म्हणून साडेतीनला गोळी. समुद्रावर पहिली भाकरी साडेआठला.

जठरात आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात आणि हे औषध चालू असलेल्या पंपांनाच धरतं. पंप सगळ्यात जास्त चालू होतात ते जेवण पोटात गेल्यावर. आवरणामुळे औषध रक्तात उशिरा येतं, साधारण दोन-अडीच तासांनी ते सगळ्यात जास्त असतं आणि नंतर दर तासाला जवळपास निम्मं होत जातं. म्हणजे नाखवांचं औषध सहाच्या सुमाराला भरात आणि भाकरीच्या वेळी ओसरलेलं. थोडे पंप कायम चालू असल्यामुळे गोळी अगदी वाया जात नव्हती, पण गुण अर्धवट.

डॉक्टरांना विचारून वेळ बदलली: गोळी होडीवरच, पावणेआठला, भाकरीच्या पाऊण तास आधी. मोबाइलला गजर लावून दिला. जेवणानंतर लक्षात आली म्हणून घेतलेली गोळीही वेळ चुकवते, फक्त उलट बाजूने, कारण भरल्या पोटात ती जठरात रेंगाळते. नाखवांनी पुढच्या खेपेला गुलाबी अँटासिडची बाटली मागितली नाही, यावरून मी काय ते समजलो.

४. त्या गुलाबी बाटलीचंही ऐका.
अँटासिडने जठरातलं आम्ल निवळतं आणि आवरणाला वाटतं आतडं आलं. बिसाकोडिल, म्हणजे पोट साफ होण्याची ती छोटी गोळी, दूध किंवा अँटासिडसोबत घेतली तर जठरातच सुटते आणि पोटात मुरडा येतो. दोघांत निदान तासाभराचं अंतर ठेवा. आमच्याकडे रात्री दुधाच्या कपाबरोबरच ही गोळी घ्यायची सवय घरोघरी आहे.

५. एक प्रसंग नियमाबाहेरचा.
पंचाहत्तरची ईसी ॲस्पिरिन रोज घेणाऱ्यांनी ती आख्खीच गिळावी. पण आवरण आहे म्हणून पोट पूर्ण सुरक्षित, असं समजू नका. ॲस्पिरिन रक्तातूनही जठराचं संरक्षण कमी करते. काळी शी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता अपवाद. छातीत अचानक दाबल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, झटका असावा असं डॉक्टरांना वाटतंय, तर ॲस्पिरिन चावून घ्यायला सांगतात, साधारण ३०० मिलिग्रॅम. साधी मिळाली तर उत्तम. घरात ईसीच असेल तर तीच चावायची, कारण इथे आवरण वेळ खातं. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा कुठे रक्तस्राव असेल तर मुळीच नाही. मुरूडहून अलिबागचं मोठं हॉस्पिटल सुमारे ५० किलोमीटर आहे, त्यामुळे घरात गोळी शोधत बसण्याआधी १०८ लावा आणि फोनवर सांगतील तसंच करा.