मुलाखतीतील मोजके बोल

जालना तालुक्यातील कडवंची या गावात १९९६ पासून इंडो-जर्मन कार्यक्रमांतर्गत पाणलोट विकासाची कामे झाली. पुढे द्राक्षबागा व शेततळी यांसाठी हे गाव ओळखले जाऊ लागले. २०१२ च्या दुष्काळानंतर तर तेथील शेतकऱ्यांना बोलते करण्यासाठी अनेकांची पावले गावाकडे वळली. अशी तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवून काढली, तर सहा-सात हजार शब्द सहज भरतात. मासिकाच्या पानावर ठळक चौकटीत मात्र त्यातील वीस-पंचवीस शब्दांची दोन किंवा तीन अवतरणेच मावतात. पुष्कळ वाचक लेख न वाचता चौकट वाचतात, आणि ग्रामसभेत पुढे तेच वाक्य सांगितले जाते.

पद्धत समजावी म्हणून एक उतारा पाहू. तो कोणा एका व्यक्तीचा नाही; या भागात ऐकू येणाऱ्या बोलण्याच्या धर्तीवर तो येथे रचला आहे.

“बारा साली लई बागा वाळून गेल्या. माझी वाचली, शेततळ्यामुळंच वाचली. पण तळं भरलं कशानं? विहिरीच्या पाण्यानं. पावसाळ्यात विहीर उपसायची अन् तळ्यात टाकायची. एकानं केलं तर भागतं. आता समदेच करायला लागले, मग दिवाळीनंतर शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी राहत न्हाई. शेततळं नको असं मी म्हणत न्हाई. वाहून जाणाऱ्या पाण्यानं ते भरा, एवढंच म्हणणं हाय.”

घाईत असलेला संपादक “माझी वाचली, शेततळ्यामुळंच वाचली” हे वाक्य उचलील. ते बोलणाऱ्याच्याच तोंडचे आहे, छोटे आहे, चौकटीत शोभतेही. परंतु त्यापुढचा “पण” कापला गेला, की तक्रार करणारा माणूस प्रशस्तिपत्र देणारा ठरतो. याच्या उलट, “शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी राहत न्हाई” एवढेच घेतले तर तो शेततळ्याचा विरोधक भासतो. दोन्ही वाक्ये शब्दशः खरी, आणि तरीही दोन्ही चौकटी खोट्या.

म्हणून वाक्य निवडण्यापूर्वी एक काम करावयास हवे. संपूर्ण टिपण वाचून, कागद बाजूला ठेवून, बोलणाऱ्याचे म्हणणे स्वतःच्या एका वाक्यात लिहावे. येथे ते असे होईल : शेततळे उपयोगी आहे, पण ते भूजल उपसून भरू नये. आता प्रत्येक संभाव्य अवतरण या वाक्याशेजारी ठेवावे. “शेततळं नको असं मी म्हणत न्हाई; वाहून जाणाऱ्या पाण्यानं ते भरा” हे त्या कसोटीला एकट्याने उतरते. बागेचे वाक्य घ्यावयाचेच असेल, तर ते “पण तळं भरलं कशानं? विहिरीच्या पाण्यानं” येथपर्यंत न्यावे. चौकट दोन ओळींनी वाढेल. ती वाढू द्यावी.

कापताना सर्वाधिक घात होतो तो “पण”, “तर”, “जर” आणि “न्हाई” या चिमुकल्या शब्दांपाशी. “एकानं केलं तर भागतं” यातील “एकानं” हा शब्दच अट आहे. गाळलेल्या मजकुराच्या जागी तीन टिंबे द्यावीत. त्यांनी पुनरुक्ती गाळता येते, अट गाळता येत नाही. मुलाखतीच्या आरंभीचे वाक्य शेवटच्या उत्तराला टिंबांनी जोडणेही वर्ज्य. “ते” म्हणजे काय हे कळत नसेल, तर “शेततळे” हा शब्द कंसात घालावा.

प्रश्नातील शब्द उत्तर देणाऱ्याच्या तोंडी जाणे हाही नित्याचा दोष. “योजनेने गावाचा कायापालट झाला, असे म्हणावे का?” या प्रश्नाला “हं, म्हणा की” असे उत्तर आले, म्हणून “गावाचा कायापालट झाला” हे त्या शेतकऱ्याचे अवतरण होत नाही. कागदावर ते उत्तर होकारासारखे दिसते. ध्वनिफितीत त्यातील अनिच्छा किंवा थट्टा ऐकू येते. यासाठी निवडलेला भाग मूळ ध्वनिमुद्रणात, मागचा-पुढचा एकेक मिनिट धरून, पुन्हा ऐकावा.

बोलीचा प्रश्न थोडा नाजूक आहे. “न्हाई”चे “नाही” केल्याने अर्थ बदलत नाही. मात्र एकाच पानावर अधिकाऱ्याचे बोल प्रमाण भाषेत आणि शेतकऱ्याचे तेवढे बोलीत छापणे बरे दिसत नाही. कोणताही एक नियम सर्वांना लावावा.

शेवटी सर्व चौकटी एकत्र वाचाव्यात. पाऊण तास पाण्याच्या चणचणीवर बोललेल्या माणसाच्या तिन्ही चौकटी द्राक्षांच्या नफ्यावर असतील, तर प्रत्येक अवतरण अचूक असूनही पान चुकलेले असते. छपाईपूर्वी त्या बोलणाऱ्याला वाचून दाखवाव्यात. तेव्हा “मी असं बोललो का?” असे न विचारता “तुमचं म्हणणं हेच ना?” असे विचारावे, पहिल्या प्रश्नाला कापलेल्या वाक्यावरही होकार मिळतो.