आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन ६.५: गोळ्या की सलाईनमधून लोह?

चौतिसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ६.५ निघाले, तर गोळ्यांना पुरेसा वेळच उरत नाही. आतड्यातून लोह थोडे थोडे शोषले जाते; शिवाय मळमळ, बद्धकोष्ठता यांमुळे गोळ्या चुकतात. अशा वेळी डॉक्टर रुग्णालयात शिरेतून लोह देणे पसंत करतात. वजन ५० किलो आणि उद्दिष्ट ११ धरले, तर साठ्याच्या ५०० मिलिग्रॅमसह सुमारे १,०४० मिलिग्रॅम लोह लागते. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजचे १,००० मिलिग्रॅम सलाईनमधून १५ मिनिटांत जातात; आयर्न सुक्रोज २०० मिलिग्रॅमच्या हप्त्यांनी द्यावे लागते. नंतर अर्धा तास पुरळ, धाप, रक्तदाब यांवर लक्ष हवेच. हिमोग्लोबिन वाढायला तरीही दोन-तीन आठवडे जातात. म्हणून प्रसूती तोंडावर आली असेल किंवा हिमोग्लोबिन ५च्या खाली असेल, तर रक्त चढवतात.