लांब रेषेचं अंतर: सर्व्हेच्या कामातून हाती आलेले अनुभवाचे बोल

वीजवाहिन्या आणि पाइपलाइन यांच्या मार्गांचा सर्व्हे करताना अंतराचा वाद दर प्रकल्पात एकदा तरी उभा राहतो. एक्सेलमधला आकडा एक, डीजीपीएसच्या अहवालातला दुसरा. बहुतेक वेळा एक्सेलमध्ये कुणीतरी हॅवरसाइन सूत्र घातलेलं असतं. त्याबद्दल जे हाती लागलं ते इथे मांडतो.

१. दोष सूत्राचा नाही, गोलाचा आहे.

हॅवरसाइन उत्तम सूत्र आहे. दोन बिंदू अगदी जवळ असले तरी त्याचं गणित ढासळत नाही, म्हणून ते इतकं रुळलं. पण ते पृथ्वीला 6371 किलोमीटर त्रिज्येचा गुळगुळीत चेंडू समजतं. पृथ्वी ध्रुवांकडे दबलेली आहे. त्यामुळे एकाच ठिकाणी उभं राहून उत्तर-दक्षिण पाहिलं तर तिचा बाक वेगळा असतो आणि पूर्व-पश्चिम पाहिलं तर वेगळा. 20 अंश अक्षांशावर, म्हणजे मराठवाडा-खानदेशाच्या पट्ट्यात, उत्तर-दक्षिण वक्रतेची त्रिज्या सुमारे 6343 किलोमीटर येते आणि पूर्व-पश्चिम सुमारे 6381 किलोमीटर. 6371 हा आकडा या दोन्हींच्या मधला आहे, त्यामुळे तो एका दिशेला जास्त अंतर देतो आणि दुसऱ्या दिशेला कमी.

२. एक रेषा स्वतः मोजून पाहावी.

मी नव्या मुलांना नेहमी हेच उदाहरण देतो. 75 अंश रेखांश धरा. नेवाशाजवळचा 19.5 अंश अक्षांशाचा बिंदू घ्या आणि चाळीसगावच्या थोडा उत्तरेचा 20.5 अंशांचा. मध्ये बरोबर एक अंश. हॅवरसाइन म्हणतं, अंतर 1,11,194.9 मीटर. डब्ल्यूजीएस 84 एलिप्सॉइडवर तेच अंतर 1,10,704.3 मीटर भरतं. म्हणजे गोलाने 490 मीटर फुकटचे वाढवले.

आता 20 अंश अक्षांशावर 75 ते 76 रेखांश अशी आडवी रेषा घ्या. हॅवरसाइन 1,04,488.9 मीटर देतं, एलिप्सॉइड 1,04,646.9. इथे 158 मीटर कमी पडले. उभ्या रेषेवर किलोमीटरमागे साधारण 4.4 मीटर जादा आणि आडव्या रेषेवर दीड मीटर कमी, हे दोन आकडे आपल्या भागासाठी पाठ असावेत. आकडे विरुद्ध दिशेचे असल्यामुळे त्रिज्या बदलून भागत नाही. 6343 घातली की उभी रेषा जुळते आणि आडवी आणखी बिघडते.

अक्षांशाच्या एका अंशाची लांबी उत्तरेकडे वाढत जाते, ही गोष्ट काही संगणकाने शोधलेली नाही. विल्यम लॅम्बटन यांनी 1802 मध्ये मद्रासला पायारेषा मोजून जे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं, त्यात हीच वाढ मोजायची होती. आजच्या आकड्यांनी 8 अंशांपाशी एक अंश सुमारे 1,10,596 मीटरचा आहे आणि 30 अंशांपाशी 1,10,852 मीटरचा. लॅम्बटन 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला, कामावर असतानाच वारले. साखळी आणि थिओडोलाइट घेऊन या माणसांनी जो फरक जमिनीवर पकडला, तो आज एक्सेलच्या एका ओळीत हरवावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

३. तुकडे पाडले म्हणजे चूक जात नाही.

"साहेब, आपले टॉवर चारशे मीटरवर आहेत, एवढ्याशा अंतरात गोल काय आणि एलिप्सॉइड काय," हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. चारशे मीटरच्या उभ्या स्पॅनमध्ये हॅवरसाइन 1.8 मीटर जादा दाखवतं. पुढच्या स्पॅनमध्येही तेवढंच, त्याच दिशेने. मोजमापातल्या साध्या चुका कधी अधिक कधी उणे होतात आणि बऱ्याच अंशी एकमेकींना खातात. ही चूक तसं करत नाही. 100 किलोमीटरच्या उत्तर-दक्षिण मार्गावर तिची बेरीज 443 मीटर होते. म्हणजे एका अख्ख्या स्पॅनची तार अंदाजपत्रकात जास्तीची लागते, आणि चेनेज हळूहळू सरकत जाऊन शेवटच्या टॉवरचा आकडा जागेशी जुळत नाही.

४. तपासणीची रेषा कोणत्या दिशेची आहे ते आधी बघा.

उभ्या रेषेवर जादा, आडव्या रेषेवर कमी, तर मध्ये कुठेतरी दोन्ही फरक फिटणारच. आपल्या अक्षांशावर ती दिशा उत्तरेपासून साधारण 60 अंशांवर येते. नाशिक-जळगाव ही दिशा जवळजवळ तीच. तिथे दोनशेहून अधिक किलोमीटरच्या अंतरात हॅवरसाइन शंभर मीटरही चुकत नाही. एवढ्या एका रेषेवर सूत्र पडताळून कुणी "बरोबर आहे" म्हणत असेल तर ते मानू नये. एक उभी रेषा आणि एक आडवी, दोन्ही तपासाव्यात. उलट, दुसऱ्याकडून आलेल्या यादीत उभी अंतरं 0.44 टक्क्यांनी जास्त आणि आडवी 0.15 टक्क्यांनी कमी दिसली, तर सूत्र कोणतं वापरलं हे विचारण्याचीही गरज उरत नाही.

५. एलिप्सॉइड घेतला तरी तीन गोष्टी उरतात.

पहिली, एलिप्सॉइड कोणता? जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट एलिप्सॉइडवर आहेत. डब्ल्यूजीएस 84 चे अक्षांश-रेखांश देऊन सॉफ्टवेअरमध्ये एव्हरेस्ट निवडलेला राहिला, तर आपल्या नेवासा-चाळीसगाव रेषेत सुमारे 10 मीटर कमी येतात. हॅवरसाइनच्या मानाने हा फरक लहान आहे, म्हणूनच तो नजरेतून सुटतो.

दुसरी, ग्रिड. 75 अंश रेखांश हाच यूटीएमच्या 43 व्या झोनचा मध्य आहे आणि तिथे प्रमाण 0.9996 असतं. दोन्ही टोकांच्या नॉर्दिंगची वजाबाकी केली तर 1,10,660.0 मीटर मिळतात, म्हणजे 44 मीटर कमी. ही चूक नव्हे. ते नकाशावरचं अंतर आहे.

तिसरी, उंची. एलिप्सॉइडवरचं अंतर त्या गणिती पृष्ठभागावरचं असतं, तार मात्र पठारावरून जाते. सरासरी उंची 500 मीटर धरली तर याच रेषेत 8.7 मीटरची भर पडते. चढ-उतारांची लांबी याहून वेगळी. जमिनीवरचं अंतर हवं असेल तर ही दुरुस्ती केल्याशिवाय सेंटिमीटरच्या गोष्टी करू नयेत.

६. फरक कधी पडतो, ते बिंदू ठरवतात.

हातातल्या जीपीएसचा बिंदू पाच मीटर इकडे-तिकडे असतो. त्याने दोनशे मीटरवरचं शेततळं शोधायचं असेल तर हॅवरसाइन खुशाल वापरा. चूक मीटरभरही नाही. उभी रेषा किलोमीटरच्या पुढे गेली की सूत्राची चूक उपकरणाच्या चुकीला गाठते. डीजीपीएसचे सेंटिमीटरचे बिंदू असतील तर दहा मीटरच्या रेषेतही 4 सेंटिमीटर जातात, तेव्हा तिथे गोलाला जागाच नाही.

एलिप्सॉइडचं गणित आता जड राहिलेलं नाही. व्हिन्सेंटी यांची 1975 ची पद्धत मिलिमीटरपर्यंत नेते. ती फक्त पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांच्या बिंदूंना अडखळते. चार्ल्स कार्नी यांनी 2013 मध्ये मांडलेली पद्धत तिथेही चालते, आणि `pyproj` मध्ये तीच आहे:

```python
from pyproj import Geod
g = Geod(ellps="WGS84")
az, back, s = g.inv(75, 19.5, 75, 20.5)
print(round(s, 1))   # 110704.3
```

यात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर द्यायचा असतो. क्रम उलटला तर प्रोग्रॅम तक्रार करत नाही; दोन्ही बिंदू 75 अंश उत्तरेला, आर्क्टिकमध्ये जाऊन बसतात आणि उत्तर 28.9 किलोमीटर येतं.