वृत्तालेख, तक्ता आणि ‘सुमारे’



आपल्या पुंगोलच्या वर्गातील दोन मोठी मुले आणि एक आई सध्या आयेल्ट्सच्या ॲकॅडमिक परीक्षेची तयारी करीत आहेत. आईंना लेखनात अर्धा बँड कमी पडला, म्हणून त्या दुसऱ्यांदा बसणार आहेत. लेखनाच्या पहिल्या प्रश्नात अनेकदा वृत्तालेख, म्हणजे पाय चार्ट, किंवा तक्ता येतो. वीसेक मिनिटांत, किमान १५० शब्दांत, त्याचे वर्णन करायचे असते. कारणे शोधायची नाहीत, मत द्यायचे नाही, जे दिसते तेवढेच सांगायचे. गेल्या शनिवारी तिघांचे सरावाचे कागद आम्ही तपासले. आकडे सर्वांचे बरोबर होते. चुकली होती ती वाक्ये. म्हणून हा धडा.

सरावाला आम्ही सिंगापूरच्या जनगणनेतला तक्ता घेतला होता: घरी सर्वांत जास्त बोलली जाणारी भाषा, वय वर्षे ५ व त्यापुढील रहिवासी, टक्केवारी.

| भाषा | २०१० | २०२० |
|---|---|---|
| इंग्रजी | ३२.३ | ४८.३ |
| मँडरिन | ३५.६ | २९.९ |
| चिनी बोली | १४.३ | ८.७ |
| मलय | १२.२ | ९.२ |
| तमिळ | ३.३ | २.५ |
| इतर | २.३ | १.४ |

आपल्या एका मुलाने लिहिले होते, “इंग्रजी १६ टक्क्यांनी वाढली.” वजाबाकी बरोबर आहे. पण वाचणारा काय समजेल? ३२.३ चे १६ टक्के म्हणजे जेमतेम ५. ते मिळवले तर ३७ आणि थोडे होतात, ४८ होत नाहीत. दोन टक्केवाऱ्यांमधले अंतर सांगायचे असेल तर इंग्रजीत ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ असेच लिहावे लागते: इंग्रजीचा वाटा सोळा पर्सेंटेज पॉइंट्सनी वाढला. आणि मूळ वाट्याच्या मानाने सांगायचे असेल तर तो जवळजवळ दीडपट झाला. येथे ‘दीडपट झाला’ म्हणायचे, ‘दीडपटीने वाढला’ नव्हे. दीडपटीने वाढला तर तो अडीचपट होईल. घरी बोलताना आपण दोन्ही एकच समजतो, परीक्षेत तसे करून चालत नाही.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते तक्त्याच्या पुढच्या दोन ओळींत दिसते. मँडरिन ५.७ पॉइंट्सनी उतरली आणि हॉकियन, टिओच्यू, कॅन्टनीज यांसारख्या बोली ५.६ पॉइंट्सनी. अंतर पाहिले तर दोन्ही सारख्याच घसरल्या. पण मँडरिनचा सुमारे सहावा हिस्सा गेला, तर बोलींचे पाचांपैकी जवळजवळ दोन हिस्से गेले. मुलाने दोन्हींसाठी ‘सारखीच घट’ लिहिले होते. तपासणारा त्याला खोटे म्हणणार नाही, पण तक्त्यातली सर्वांत ठळक घसरण त्याच्या हातून निसटली.

आता ‘सुमारे’ या शब्दाविषयी. आईंच्या कागदावर ‘अबाउट ४८.३ टक्के’ असे चार ठिकाणी होते. दशांश चिन्हापर्यंत नेमका आकडा दिल्यावर सुमारे कशाला? एक तर नेमका आकडा द्या, नाही तर गोळाबेरीज करा. ४८.३ म्हणजे निम्म्याला थोडे कमी, ‘जस्ट अंडर हाफ’. ३२.३ म्हणजे एक तृतीयांशाच्या किंचित खाली, तर ३५.६ म्हणजे एक तृतीयांशाहून थोडे वर. २९.९ म्हणजे दहांत तीन. १४.३ म्हणजे सातांत एक, आणि तेही अगदी नेमके. १ ला ७ ने भागून पाहा. ‘जस्ट अंडर’ आणि ‘जस्ट ओव्हर’ मात्र अदलाबदल करू नका. ३२.३ ला ‘एक तृतीयांशाहून अधिक’ म्हटले की माहिती चुकली आणि गुण गेले.

मराठी मुलांना हे अवघड जाऊ नये. आपल्या आजी-आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली होती आणि सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच आपण रोज बोलतो. इंग्रजीत यांना एकेक सुटा शब्द नाही, पण कान तयार असला की अंदाज पटकन बसतो. वर्गात म्हणूनच आम्ही आधी आकडा मराठीत बोलायला लावतो आणि मग इंग्रजीत लिहायला.

तरी सहाही ओळी क्रमाने लिहून काढल्या की वर्णन झाले, असे नाही. तिघांनी तसेच केले होते. सुरुवातीला एका-दोन वाक्यांत एकूण चित्र सांगावे लागते. परीक्षक त्याला ‘ओव्हरव्ह्यू’ म्हणतात आणि तो नसला तर गुण अडतात. तो शोधायला येथे बेरीज कामी येते. मँडरिन आणि बोली मिळून २०१० मध्ये ४९.९ होत्या, म्हणजे निम्म्या. २०२० मध्ये त्या ३८.६ वर आल्या. म्हणून आम्ही फळ्यावर असे लिहिले: “दहा वर्षांत फक्त इंग्रजीचा वाटा वाढला, बाकी सर्वांचा घटला. २०१० मध्ये चिनी भाषा मिळून निम्म्या होत्या. २०२० मध्ये जवळजवळ ती जागा इंग्रजीने घेतली.” यात एकही दशांश नाही. ते पुढच्या परिच्छेदांत येतील.

पालकांपैकी एकांनी विचारले, मग भारतीय भाषा बोलणारी माणसे कमी झाली का? या तक्त्यावरून तसे म्हणता येत नाही. वाटा घटला म्हणजे संख्या घटलीच असे नाही. याच जनगणनेत भारतीय वंशाच्या रहिवाशांचा वाटा ९.२ वरून ९.० झाला. पण एकूण रहिवासी ३७.७ लाखांवरून ४०.४ लाख झाले होते. म्हणजे भारतीय साडेतीन लाखांच्या जरा खालून ३ लाख ६० हजारांच्या आसपास गेले. वाटा उतरला, माणसे वाढली. दोन वृत्तालेख शेजारी छापलेले असतात आणि दोन्ही वर्तुळे सारखीच दिसतात, तेव्हा ही चूक हमखास होते.

शीर्षकही दोनदा वाचा. ‘रहिवासी’ म्हणजे नागरिक आणि पर्मनंट रेसिडेंट. आपल्यातले जे एम्प्लॉयमेंट पासवर आहेत ते या तक्त्यात नाहीतच. ‘सर्वांत जास्त बोलली जाणारी’ म्हणजे प्रत्येकाची एकच भाषा मोजली. २०२० च्या जनगणनेत दुसरी भाषाही विचारली होती आणि घरी मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी सुमारे ८७ टक्के लोक आपली दुसरी भाषाही घरी बोलत होते. तेव्हा ४८.३ टक्के घरांत फक्त इंग्रजी चालते, असे लिहू नका. ‘घरांत’ हा शब्दही चूक. येथे माणसे मोजली आहेत, घरे नव्हेत.

मराठी कुठे आहे? ‘इतर’मध्ये. तो वाटा २.३ वरून १.४ झाला म्हणून एका मुलीने लिहिले, “मराठी कमी झाली.” तिला वाईट वाटले होते हे तिच्या अक्षरावरूनही दिसत होते. पण ‘इतर’मध्ये बऱ्याच भाषा एकत्र असतात; त्यांतली कोणती वाढली, कोणती घटली हे तक्ता सांगत नाही. आम्ही ते वाक्य खोडले.

पुढच्या शनिवारसाठी अभ्यास: त्याच जनगणनेत २०१० व २०२० मध्ये चिनी ७४.१ आणि ७४.३, मलय १३.४ आणि १३.५, भारतीय ९.२ आणि ९.०, इतर ३.३ आणि ३.२ टक्के होते. यावर १५० शब्द लिहून आणा, आधी मराठीत, मग इंग्रजीत. येथे जवळजवळ काहीच बदललेले नाही. ०.२ ला ‘मोठी वाढ’ म्हणणाऱ्याला पुन्हा लिहावे लागेल.