विषय आणि संदर्भ



शासकीय पत्रातली विषयाची ओळ आधी आवक-जावक नोंदवहीसाठी असते, मग वाचणाऱ्यासाठी. नोंद घेणारा कारकून पत्र वाचत बसत नाही. विषय पाहून तोच रकान्यात उतरवतो. पुढे दहा वर्षांनी प्रकरण शोधणाऱ्याच्या हाती एवढा रकानाच उरतो. तिथे ‘सात-बारा दुरुस्तीबाबत’ इतकेच असेल, तर तहसील कार्यालयाच्या वहीत तशा नोंदी पानोपानी भेटतात.

समजा, 2012 साली वाडा तहसीलातून तलाठ्याला पत्र गेले. त्याचा विषय असा हवा: ‘मौजे अमुक, ता. वाडा, जि. ठाणे येथील गट क्र. 112 (जुना स.नं. 47/2) च्या सात-बारावरील क्षेत्रातील लेखनप्रमाद दुरुस्त करणेबाबत (महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 155)’. ओळ लांब झाली खरी, पण तिच्यातला एकही शब्द फुकटचा नाही. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले, त्यामुळे जुने कागद एका क्रमांकाने सापडतात आणि नवे दुसऱ्या. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला आणि वाडा तालुका त्यात गेला. जिल्हा बदलला तरी गाव आणि तालुका तेच राहिले. खातेदाराचे नाव जरूर घालावे, मात्र केवळ त्यावर विसंबू नये. वारस लागतात, जमीन विकली जाते आणि नाव बदलते; गट क्रमांक सहसा टिकतो.

संदर्भात खरा घोटाळा क्रमांकाचा होतो. जावक क्रमांक दरवर्षी पुन्हा एकपासून सुरू होतो, म्हणून नुसते ‘आपले पत्र क्र. 312’ निरुपयोगी. कार्यालय, कार्यासन, क्रमांक, वर्ष आणि दिनांक हे सगळे यावे. क्रमांक पाठवणाऱ्याचा लिहावा. आपला आवक क्रमांक द्यायचाच असेल तर तो ‘या कार्यालयाचा’ असे स्पष्ट म्हणावे. शासन निर्णयाला विभागाचे नाव हवेच, कारण एकाच दिवशी अनेक विभागांचे निर्णय निघतात. ‘दूरध्वनीवरील चर्चेनुसार’ हा संदर्भ नस्तीत कुठेच सापडत नाही. चर्चा झालीच असेल तर तिची टिपणी नस्तीत लावून त्या टिपणीचा दिनांक द्यावा.

स्मरणपत्रात विषय नव्याने रचण्याची हौस अनेकांना असते. मूळ विषय जसाच्या तसा ठेवून वर ‘स्मरणपत्र क्र. 2’ एवढे लिहावे आणि संदर्भात आधीची पत्रे तारखेच्या क्रमाने द्यावीत. शब्द बदलले की वहीत एकाच प्रकरणाची दोन प्रकरणे होतात आणि निम्मे कागद दुसऱ्याच नस्तीत जातात.

मसुदा स्वाक्षरीस ठेवण्यापूर्वी मजकूर झाकून फक्त विषय व संदर्भ वाचावा. तेवढ्यावरून नवख्या कारकुनाला नस्ती काढता येणार नसेल, तर मसुदा परत टंकायला द्यावा.

— मामा