फ्रिजवर जादा वॉरंटी घ्यावी का?

प्रश्न : आम्ही 32,000 रुपयांचा डबल डोअर फ्रिज घेतला. बिल करताना काउंटरवरचा मुलगा मागेच लागला, "ताई, फक्त साडेतीन हजार भरा, पुढची दोन वर्षं बघायला नको." पण फ्रिजवर तर 'कॉम्प्रेसरला 10 वर्षं वॉरंटी' असं स्टिकर आहे. मग हे पैसे कशाचे? "विचारून सांगते" म्हणून आले आहे. घ्यावी का?
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी ते स्टिकर नीट वाचू. 10 वर्षांची वॉरंटी फक्त कॉम्प्रेसरची असते. संपूर्ण फ्रिजची वॉरंटी बहुतेक कंपन्या एकच वर्ष देतात. चौथ्या वर्षी कॉम्प्रेसर गेला, तर तो सुटा भाग फुकट मिळतो. मेकॅनिकची मजुरी, गॅस भरण्याचा खर्च आणि कधीकधी ने-आण मात्र तुमच्या खिशातून जाते. दुकानदार ही गोष्ट आपण होऊन क्वचितच सांगतो.

जादा वॉरंटी सुरू होते ती कंपनीचं पहिलं वर्ष संपल्यावर. म्हणजे तुम्ही आज पैसे भराल आणि संरक्षण मिळेल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. त्या दोन वर्षांत फ्रिजचं महागडं काय बिघडू शकतं? कॉम्प्रेसर तर आधीच कंपनीच्या गळ्यात आहे. उरतो इलेक्ट्रॉनिक बोर्ड, पंख्याची मोटर, सेन्सर आणि गॅसची गळती. दाराचं रबर, बल्ब, आतले प्लास्टिकचे कप्पे, हँडल, गंज आणि पोचे बहुतेक योजनांत वगळलेले असतात. नेमक्या रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तू!

आता हिशेब करू. समजा, बोर्ड बदलायला मजुरीसकट 5,000 रुपये लागतात. साडेतीन हजार वसूल व्हायचे, तर अशा दहा फ्रिजपैकी सातांचा बोर्ड नेमका त्याच दोन वर्षांत जायला हवा. इतके फ्रिज बिघडत असते, तर कोणी ही योजना साडेतीन हजारांत विकली नसती. त्या पैशात विकणाऱ्याचं कमिशनही आहे. काउंटरवरचा आग्रह बराचसा तिथूनच येतो. त्या मुलाला दोष देऊ नका, त्याला टार्गेट असतं.

बोर्ड खरंच गेला, तरी भरपाई मिळेलच असं नाही. आपल्याकडे बोर्ड जळतात ते बऱ्याचदा दाब कमी-जास्त झाल्यानं. मेकॅनिकनं जॉब शीटवर 'व्होल्टेजमुळे जळाला' असं लिहिलं, की अनेक योजनांत दावा तिथंच संपतो. उंदरानं वायर कुरतडली, तरी तेच. म्हणून अटींच्या कागदात 'काय मिळेल' हा भाग नंतर वाचा, 'काय मिळणार नाही' हा आधी. तिथंच आणखी दोन गोष्टी शोधा. दुरुस्ती परवडत नसेल, तर नवा फ्रिज मिळतो की घसारा वजा करून रक्कम? आणि जबाबदारी कोणाची : फ्रिजच्या कंपनीची, दुकानाची, की तिसऱ्याच कोणाची? बिलावर दुकानाचं नाव असतं, पण फोन करायचा असतो भलत्याच कंपनीला.

तुमच्या भागात वीज सतत वर-खाली होत असेल, तर फ्रिजच्या पुस्तिकेत दिलेली व्होल्टेजची मर्यादा बघा. ती पुरत नसेल, तर तोच पैसा चांगल्या स्टॅबिलायझरला घाला. तो पहिल्या दिवसापासून कामाला लागतो.

सगळ्याच वस्तूंना हा हिशेब लागू नाही, हेही खरं. टीव्हीत पॅनेल हाच सगळ्यात महागडा भाग. तो बदलायचा खर्च टीव्हीच्या निम्म्या किमतीपलीकडे जाऊ शकतो, आणि वॉरंटी साधारण वर्षाचीच. तिथं पॅनेल स्पष्ट शब्दांत धरलेलं असेल आणि रक्कम किमतीच्या सात-आठ टक्क्यांच्या आत असेल, तर विचार करायला हरकत नाही. मोबाइलचं प्रकरण निराळंच. पडून स्क्रीन फुटणं जादा वॉरंटीत येत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीची वेगळी योजना लागते.

ऑनलाइन खरेदीत तर ही योजना कधी न विचारताच कार्टमध्ये येऊन बसते. ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात वस्तू घुसवणं, किंवा 'नको' म्हणणाऱ्याला अपराधी वाटेल अशी भाषा वापरणं, या दोन्ही गोष्टींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2023च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. पैसे भरण्याआधी एकूण रक्कम पुन्हा बघा. न विचारता योजना बिलात आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

तुमच्यापुरतं सांगायचं, तर नको म्हणा. "आज नाही घेतली, तर पुन्हा मिळणार नाही" याला बळी पडू नका. बऱ्याच कंपन्या स्वतःची जादा वॉरंटी पहिलं वर्ष संपेपर्यंत विकतात. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून शेवटची तारीख विचारून ठेवा. वर्षभरात फ्रिजनं दोन-तीनदा मेकॅनिक घरी आणला, तर तेव्हा थेट कंपनीकडून घ्या.